‘झाला’ म्हणायचं नसतं

माझ्या आईवडिलांचं भांडण नेहमी सकाळी व्हायचं. रात्री दोघंही इतके दमलेले असत की भांडायला लागतं तेवढं त्राणही अंगात उरत नसे. सकाळी मात्र चूल पेटायच्या आधी डोकी पेटलेली असायची. मळवलीतलं आमचं घर म्हणजे पुढं ओटी, मधे एक खोली, मागं चूल आणि चुलीला लागून गोठा. त्यामुळं भांडण कुठल्याही कोपऱ्यात सुरू झालं तरी ते सगळ्या घरात व्हायचं. मोठ्या दोघी बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच होतो, भाऊ म्हणजे माझे वडील, आई आणि मी. भांडणाची मला तशी भीती वाटत नसे. आई तवा आपटायची, भाऊ आईला द्यायच्या त्या शिव्या म्हशीला द्यायचे, पण निदान दोघं एकमेकांशी बोलत तर असायचे. भीती वाटायची ती आवाज थांबल्यावर. चुलीतलं ओलं लाकूड सुंसुं करतंय, पन्हळीचं पाणी पिंपात पडतंय आणि माणसाचा आवाज नाही, असं झालं की मी उगाचच भांडी वाजवत बसायचे. आज इतक्या वर्षांनीही घरात भांडणानंतर शांतता झाली की मी उगाचच नळ सोडून ठेवते.

अबोला सुरू झाला की मला नोकरी लागायची. भाऊ चुलीपासून चार हातांवर बसून मला म्हणायचे, “शालू, इचार तुज्या आयला, कोयता कुटं ठिवलाय.” आई राखेत फुंकर घालता घालता म्हणायची, “सांग त्यास्नी, ठिवला तितंच आसंल.” दोघांनी दोघांचं ऐकलेलं असायचं, तरी मी ते परत म्हणायचं. नाही म्हटलं तर कुणी जागचं हलत नसे. मी म्हणाले की मगच भाऊ उठून कोयता शोधायला जात. बहिणींनी जाताना मला एवढंच शिकवलं होतं की निरोपात आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. त्या वेळी ज्याचा निरोप असेल त्याचंच तोंड मला लावलेलं असायचं. मला वाटायचं, मी फार मोठं काम करते.

हा अबोला सुटायचा कसा, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. कुणी कुणाला ‘चुकलं’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमच्या मावळात माणूस भेटलं की पहिलं विचारतात, “चा झाला का?” बांधावर विचारतात, ठेसनावर विचारतात, मयताहून परतणाऱ्यालासुद्धा दुसऱ्या दिवशी विचारतात. विचारणाऱ्याला चहाशी काही देणंघेणं नसतं. ‘झाला की’ म्हणायचं आणि पुढं चालू लागायचं. ही आमच्याकडची रामरामाची रीत. पण घरातल्या घरात, सकाळी भांडून उठलेल्या दोन माणसांत हाच प्रश्न आला की त्याचं वजन बदलतं. तो मधल्या पोराला न सांगता थेट विचारावा लागतो. विचारताना समोरच्याकडं बघायचं नसतं. दोरी सोडत, हात धूत, जोडे काढत विचारायचं, म्हणजे उत्तर नाही आलं तरी आपण दोरीच सोडत होतो असं म्हणता येतं. ज्यावरून भांडण झालं त्याचं नाव काढायचं नाही. फार लवकर विचारलं तर ते टोचून बोलणं होतं, आणि ‘का’ जरा लांबवला तर तो टोमणा. परकं माणूस घरात असताना विचारलेलं धरत नाहीत, कारण चार लोकांसमोर सगळेच गोड बोलतात. पाहुणा आला की आईभाऊ हसून बोलायचे आणि मला वाटायचं मिटलं, पण पाहुण्याची पाठ वळली की माझी नोकरी पुन्हा सुरू.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट उत्तराची. चहा घोटभर आधी झालेला असला, दोनदा झालेला असला, तरी उत्तर ‘न्हाई’ असंच द्यायचं. ‘न्हाई’ म्हटलं की भांडं चुलीवर चढतं, दुसरा चहा होतो, तो दोघं पितात, आणि पहिल्या चहाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ‘झाला’ म्हटलं की दार लागलं. मग ज्यानं विचारलं तो पुन्हा विचारत नाही, त्याची पाळी संपली. आता ज्यानं दार लावलं त्यानंच ते उघडायचं. हे सगळं मी तुम्हाला पाढ्यासारखं म्हणून दाखवतेय ते साठी उलटल्यावर, चाळीस वर्षांचा संसार करून. माझ्या थोरल्या बहिणीची नात लोणावळ्यात नवऱ्याशी भांडली की फोन बघत बसते, आणि त्याचा गुलाबाच्या फुलाचा ‘सुप्रभात’ आला की हिचा चेहरा उजळतो. मी तिला विचारलं, यात काय लिहिलंय एवढं? ती म्हणाली, “आजी, काहीच नाही लिहिलेलं, म्हणून तर.” पोरगी हुशार आहे. तेराव्या वर्षी मी तेवढी हुशार नव्हते.

आमच्या शेजारी गंगाकाकू आणि नामातात्या राहायचे. मला कळायला लागल्यापासून त्या दोघांचा अबोला होता. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन ती दोघं बोलत नव्हती. आधी त्यांची रखमा निरोप पोचवायची. तिचं लग्न झालं, ती सासरी गेली, तेव्हा आता तरी बोलतील असं सगळ्या आळीला वाटलं. पण तात्या म्हशीला विचारायला लागले, “म्हशे, भाकर झाली का गं?” आणि काकू मांजराला सांगायची, “झाली म्हणावं.” आळीतली पोरं त्याला हसायची, मीही हसायचे. पण रात्री अंथरुणावर पडले की मला रखमा दिसायची. ती माहेरपणाला आली की पहिल्याच दिवसापासून पुन्हा निरोप सांगायला लागायची, कडेवर पोर घेऊन. आपलंही असंच होणार, आपण म्हातारपणापर्यंत आईचं भाऊंना आणि भाऊंचं आईला सांगत राहणार, ही भीती माझ्या मनात घर करून होती. कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या आषाढातलं भांडण आवणीवरून झालं. आमच्याकडं भाताच्या लावणीला आवणी म्हणतात, आणि आवणी काही एकट्यादुकट्याचं काम नाही. आज तुम्ही माझ्याकडं या, उद्या आम्ही तुमच्याकडं. आंदर मावळातून मामा आणि मामी चार दिवस आमच्या खाचरात राबून गेले होते. पाऊस धरून होता, आमचं उरकलं होतं, आणि आता मामाची पाळी होती. आईनं शब्द दिला होता, शुक्रवारी येते. भाऊ भातशेती सांभाळून वरच्या अंगाला एका बंगल्याची राखण करायचे. बंगल्याच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला की शनिवारी पाहुणे येणार, जेवणाला बाई लागेल. भाऊंनी आईला न विचारताच सांगून टाकलं, आमची मंडळी येईल म्हणून.

“मला इचारलं व्हतं का?” शुक्रवारी सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली. “माज्या भावाची रोपं पिवळी पडाय लागली. चार दिस कंबर मोडून गेला त्यो, आन् मी बंगल्यावर पुऱ्या तळू?”

“दोन दिसांनी गेलं तर मरत्यात का रोपं?”

“रोपाचं तुमी सांगू नगा मला. माज्या शब्दाचं काय?”

“आन् माज्या शब्दाचं?”

असं ते चढत गेलं. भाकरी तव्यावर करपली. भाऊंनी ताट सरकवलं आणि उभं राहून म्हणाले, “जायचं तर जा. पर गेलीस तर परत येऊ नगंस. तितंच ऱ्हा भावाकडं.” आई काहीच बोलली नाही. याआधी ती प्रत्येक शब्दाला शब्द द्यायची. तिचा हात परातीतच थांबला, आणि मला कळलं की या खेपेला काहीतरी निराळं आहे. भाऊंनी पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि ते पावसात गेले. जाताना माणूस ‘येतो’ म्हणतो, तेवढंही म्हणाले नाहीत.

आईनं परात धुतली. मग आम्हा दोघींसाठी चहा केला, गुळाचा, कोरा. मी तिच्या मांडीला टेकून बसले होते. ती पीत होती पण तिचं लक्ष नव्हतं. मधेच उठून तिनं फळीवरचं जुनं लुगडं काढलं, त्यात दोन पातळं आणि चोळ्या ठेवल्या, गाठ मारली, परत सोडली, आणि ते तसंच पसरून ठेवून चुलीपाशी येऊन बसली. गाठोडं बांधलं होतं म्हणावं तर बांधलं नव्हतं. मी त्याकडं बघायचं टाळत होते.

घटकाभरानं ओटीवर पावलं वाजली. भाऊ परत आले होते. एवढ्या लवकर ते कधी परतत नसत. खोळ खुंटीला लावायच्या ऐवजी हातातच धरून ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, पाठ घराकडं, तोंड पावसाकडं. खोळीचं पाणी झटकत झटकत त्यांनी विचारलं, “चा झाला का?”

आई चुलीपाशी ताठ झाली. तिनं पदर सारखा केला. तिचे ओठ हलले. आज मला ते ओठ स्पष्ट दिसतात. तेव्हा मला एवढंच दिसलं की भाऊंनी विचारलंय आणि कुणी उत्तर देत नाही. भांडण झालं की सगळे प्रश्न माझ्यावरून जायचे, सगळी उत्तरं मी द्यायचे. माझं कामच ते. मी चटकन म्हणाले, “व्हय भाऊ, झाला की. आईनं मगाशीच घेतला.”

भाऊंचा झटकता हात थांबला. “बरं,” ते म्हणाले. त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही. खोळ पुन्हा डोक्यावर घेतली आणि बंगल्याच्या वाटेला लागले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, “तुला कुणी इचारलं व्हतं गं?” मग कोनाड्यातली पिठाची चाळण माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “जा, काकूची देऊन ये.” चाळण द्यायची काही घाई नव्हती. तिला मी समोर नको होते, एवढं मला कळलं. काय चुकलं ते मात्र कळत नव्हतं. खरं तेच सांगितलं होतं ना मी? खोटं बोललं की मार बसतो हे ठाऊक होतं. खरं बोलल्यावर आईचा चेहरा असा का व्हावा?

गंगाकाकू ओटीवर लसूण सोलत बसली होती. तात्या गोठ्यात होते. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, आणि मी रडत रडत सगळं सांगितलं. ‘झाला’ या शब्दाशी आले तेव्हा तिची बोटं थांबली.

“झाला म्हणलीस?”

“व्हय.”

“आन् त्यो गेला?”

“बरं म्हणले, आन् गेले.”

काकू गोठ्याकडं बघून आवाज खाली आणत म्हणाली, “पोरी, मीबी एक डाव झाला म्हणले व्हते. रागात व्हते. यांनी बैल बांधता बांधता इचारलं, चा झाला का, आन् मी म्हणले, झाला. झाला नव्हता, पर म्हणले. त्यांनी परत न्हाई इचारलं. इचारत न्हाईत परत.”

“मग तुमी का न्हाई इचारलं?”

“इचारणार व्हते. आज इचारते, उद्या इचारते करत ऱ्हायले. आन् मग किती दिस झालं, किती वरसं झाली, आता कुण्या तोंडानं इचारू?” तिनं लसणाची पाकळी उचलली, पण सोलली नाही. गोठ्यातून तात्या म्हशीशी काहीतरी बोलत होते.

आमच्या घराचं आता हे होणार, आणि ते माझ्यामुळं. काकूनं स्वतःच्या तोंडानं तरी म्हटलं होतं. आईनं तर तेही म्हटलं नव्हतं. मी चाळण तिथंच टाकली आणि बंगल्याच्या वाटेनं पळत सुटले.

ती वाट चांगली अर्ध्या तासाची, चढाची. धुकं इतकं उतरलं होतं की पुढचं झाड जवळ आल्यावरच दिसायचं. डोंगरावरून पाणी वाटेवर आलं होतं, आणि त्याच्या आवाजात मला माझंच रडणं ऐकू येत नव्हतं. मधल्या वळणावर एका बंगल्याची कुत्री असत, त्यांची मला एरवी फार भीती वाटायची. त्या दिवशी ती भुंकत अंगावर आली तरी मी थांबले नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, पसरून ठेवलेलं ते लुगडं. माझी पाठ वळल्यावर आईनं त्याची गाठ मारली असेल. साडेदहाच्या सुमाराला कान्ह्याकडं जाणारी लोकल होती, कान्ह्याला उतरून पुढं आंदर मावळात चालत किंवा मिळालं तर गाडीनं. ‘परत येऊ नगंस’ हे भाऊंचं शेवटचं वाक्य, आणि ‘झाला’ हे आईच्या नावावर मी घातलेलं. एवढी शिदोरी घेऊन आई गेली तर ती परत येईल कशी? तेव्हा मी मनातल्या मनात देवाला काय काय बोलले ते लिहायचं नाही. मोठेपणी ते फेडता फेडता पुरेवाट झाली.

बंगल्याच्या पडवीत भाऊ गवंड्याबरोबर बसले होते. गळणाऱ्या कौलांचं काम चाललं होतं, आणि गवंड्यानं स्टोव्हवर चहा केला होता. भाऊंच्या हातात कप होता, दुधाचा चहा, वाफ निघत होती. मला चिखलात लडबडलेली बघून ते अर्धवट उठले. “काय झालं? आयला काय झालं?”

“काय न्हाई.”

“तिनं धाडलं व्हय तुला?”

खोटं बोलायचा फार मोह झाला. ‘व्हय’ म्हटलं असतं तर ते तिथूनच निघाले असते. पण निरोपात पदरचं घालायचं नाही हे अंगात मुरलेलं. “न्हाई,” मी म्हणाले. ते खाली बसले आणि कप तोंडाला लावला. एक घोट, दोन घोट. त्यांचा चेहरा दगड झाला होता. गवंडी विडी शिलगावू लागला.

मला काय सांगायचं होतं तेच मला येत नव्हतं. “भाऊ, झाला ते मी म्हणले.”

“ऐकलं मी.”

“आई न्हाई म्हणली.”

“आई न्हाई म्हणली म्हंजी?”

“आई कायच म्हणली न्हाई. तिनं तोंड उघडलं व्हतं, तेवढ्यात मीच बोलले. मला वाटलं, मला इचारलं.”

भाऊंनी कप खाली ठेवला. तळाशी घोटभरच उरला होता. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माझे वडील घाबरले होते. मला तोवर वाटायचं, या घरात घाबरणारी मी एकटीच.

“चल,” ते म्हणाले. खोळ तिथंच राहिली. उतारावर ते इतक्या झपाझप चालले की मला पळावं लागलं. आळीच्या तोंडाशीच गंगाकाकू भिजत उभी होती, जणू आमचीच वाट बघत. “घराकडं जाऊ नगा,” ती भाऊंना म्हणाली, “ती गाठोडं घिऊन ठेसनाकडं गेली. पळा.” आणि मग मागून ओरडली, “अवं, पळा!”

ठेसनावर आई बाकावर बसली होती. गाठोडं मांडीवर, छत्री बाकाला टेकवलेली. दोन दूधवाले रिकाम्या किटल्या घेऊन गाडीची वाट बघत उभे होते. भाऊ फलाटावर चढले आणि थबकले. धापा टाकत होते. त्यांनी जाऊन बोलावं म्हणून मी त्यांचा हात ओढला, पण हात हलेना. त्यांची पाळी संपली होती. त्यांनी विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, मग ते कुणाच्याही तोंडून का असेना. ते चुकीचं होतं हे आता त्यांना माहीत होतं, पण पुन्हा विचारायचं म्हणजे सकाळपासूनचं सगळं उकरून काढायचं, समजावायचं, चुकलं म्हणायचं. ते त्यांच्या पिढीच्या पुरुषाला जमणारं नव्हतं. मला तेव्हा एवढंच दिसलं की माझा बाप चार पावलं टाकत नाहीये आणि लांब रुळांवर गाडीचा दिवा दिसायला लागलाय.

एका दूधवाल्यानं भाऊंना ओळखलं. “काय भाऊ, चा झाला का?”

“झाला, झाला,” भाऊ म्हणाले. दूधवाल्याला काय, तो खुशाल किटलीकडं वळला. आईनं मान वर करून पाहिलं. भाऊंना पाहिलं, मला पाहिलं, माझे चिखलाचे पाय पाहिले. गाडीचा भोंगा वाजला. ती उठली, गाठोडं काखेला मारलं, आणि मला वाटलं संपलं. मी भाऊंच्या सदऱ्याला घट्ट धरून ठेवलं. आई फलाटाच्या कडेकडं निघाली, आणि मग वळून आमच्याकडं आली. दूधवाल्यांपासून लांब, पाण्याच्या नळापाशी. भाऊंकडं न बघता तिनं गाठोडं कट्ट्यावर ठेवलं आणि नळाखाली हात धरला, उगाचच. हात स्वच्छच होते.

“चा झाला का?” तिनं विचारलं.

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, अख्खा कप, दुधाचा. आताच त्यांनी दूधवाल्याला सांगितलंही होतं. माझ्या जिभेवर शब्द आला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

भाऊ रुळांकडं बघत होते. “न्हाई,” ते म्हणाले.

गाडी आली. तिच्या आवाजात आई काय म्हणाली ते मला तिच्या ओठांवरूनच कळलं, “पातेल्यात ठिवलाय. ऊन करून घ्या. आवणी झाली की येते.” आणि ती गाडीत चढली. खरंच चढली! मला वाटलं होतं, आता गाठोडं परत घरी येईल, तिघं घरी जाऊ. भाऊंनी गाठोडं उचलून तिच्या हातात दिलं, छत्री दिली, आणि गाडी हलली. मी फलाटावर बसकण मारून हंबरडा फोडला. “गेली, भाऊ. तुमी जाऊ कशी दिली?”

“अगं येडे,” भाऊ म्हणाले, “ती बोलली न्हव का.”

मला ते पटलं नाही. बोलली म्हणजे काय, गेली ना? आवणीचं भांडण जिथल्या तिथं होतं. बंगल्यावर शनिवारी पाहुणे येणारच होते, आणि पुऱ्या कोण तळणार याचा कुणी विचार केला नव्हता. (भाऊंनीच तळल्या. त्या पाहुण्यांचं काय झालं ते विचारू नका.) आई तिसऱ्या दिवशी आली, पायांना चिखल्या होऊन, मामीनं दिलेली नाचणी घेऊन. पण ते मला त्या सकाळी कुठं ठाऊक होतं? घरी येईपर्यंत मी मुसमुसत होते, आणि रिकाम्या घराचा उंबरा मी भाऊंच्या मागून ओलांडला.

चुलीत विस्तव विझत आला होता. वैलावर, चुलीच्या बाजूच्या तोंडावर, पातेलं होतं, वर ताटली. भाऊंनी ताटली उचलली आणि तसेच उभे राहिले. आत चहा होता, साखरेचा, दूध घातलेला. म्हशीचं दूध विकायला जायचं, आमच्याकडं असा चहा सणाला किंवा पाहुण्यालाच व्हायचा. त्यावर साय धरली होती. आणि तो दोन माणसांचा होता. मला काकूकडं पाठवून आईनं तो केला होता, भाऊ परत येतील म्हणून वाट पाहिली होती, आणि गाडीची वेळ झाल्यावर स्वतःचा वाटासुद्धा न पिता झाकून निघून गेली होती. भाऊंनी नाक पुसलं, फुंकणी घेतली आणि विस्तव पेटवला.

चहाला उकळी आली तेव्हा त्यांनी दोन कप भरले. एक स्वतःला घेतला, दुसरा, आईचा, माझ्यापुढं ठेवला. मी म्हणाले, “मला नगं. माजा सकाळीच झालाय.”

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते. “शालू,” ते म्हणाले, “आयनं ठिवल्याला चा हाय ह्यो. तुजाबी झाल्याला न्हाई.”

मी कप उचलला.